दहा हजार कोटी निरोपांतून दोनशे वाक्यं

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागलं की चेलाडी फाट्यावर उजवीकडे वळून नसरापूर येतं. तिथून मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याला जातो. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. पावसाळ्यात या सगळ्या पट्ट्यात भाताची खाचरं पाण्याने भरलेली असतात आणि त्यांतल्या कितीतरी खाचरांत इंद्रायणी असतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून ही जात काढली आणि 1987 मध्ये ती प्रसारित झाली. आंबेमोहोराकडून तिला वास आणि मऊपणा मिळाला, तर आयआर 8 कडून उत्पन्न.

या पट्ट्यातले चार-पाच शेतकरी एकत्र आले आणि तांदूळ व्यापाऱ्याला न देता पुण्यातल्या घरांना थेट विकू लागले, अशी कल्पना करा. वर्षाला 20 टन तांदूळ, पाच-पाच किलोच्या पिशव्या, म्हणजे 4,000 पिशव्या. पिशवी घरी गेल्यावर गिऱ्हाईक काय म्हणतं, हे त्यांना कळायला हवं. शंभरातल्या एकाने अभिप्राय लिहिला, असं धरलं तरी वर्षाकाठी 40 अभिप्राय होतात. त्यांतले तीस ‘छान आहे’ एवढ्यावर थांबतील. उरलेल्या दहांवरून पुढच्या हंगामाचा निर्णय घेणं अवघड आहे.

म्हणून फक्त आपल्या गिऱ्हाइकांचं ऐकून भागत नाही. इंद्रायणी विकत घेणारं, शिजवणारं, त्याबद्दल विचारणारं आणि कुरकुरणारं जे कोणी आहे, त्या सगळ्यांचा कानोसा घ्यावा लागतो. मग त्यांनी तो कोणाकडूनही घेतलेला असो. बाजाराच्या भाषेत याला सोशल लिसनिंग म्हणतात. गिऱ्हाइकाला प्रश्नावली न पाठवता, तो आपणहून जे उघडपणे बोलतो ते शोधून, टिपून मोजायचं.

हे बोलणं केवढ्या पसाऱ्यात विखुरलेलं आहे, ते आकड्यांत पाहू. व्हॉट्सॲपवर रोज 100 अब्ज निरोप जातात, असं त्या कंपनीने 2020 मध्येच सांगितलं होतं. म्हणजे दिवसाला दहा हजार कोटी, सेकंदाला साडेअकरा लाख. यूट्यूबवर दर मिनिटाला 500 तासांची चित्रफीत चढते, हा आकडाही त्याच सुमाराचा आहे. या हिशेबाने एका दिवसात चढलेलं सगळं सलग बघायचं तर 82 वर्षं लागतील. गूगलवर वर्षाला पाच लाख कोटींहून अधिक शोध घेतले जातात आणि रोजच्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के त्याआधी कधीच कोणी विचारलेले नसतात, असं ती कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली आहे. गुणाकार केला तर रोज दोनशे कोटी कोरे करकरीत प्रश्न होतात.

आपल्या शेतकऱ्यांना या सगळ्यातून लागतात फार तर दोनशे वाक्यं.

त्यांतली बरीच कधीच हाती येणार नाहीत. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत तांदळावर सर्वांत मोकळी चर्चा होते, पण ते निरोप कुलूपबंद असतात. खोट्या नावाने अशा गटात शिरून ऐकणं हा विश्वासघात आहे. तसं करू नये. ट्विटर, म्हणजे आताच्या एक्सचा मजकूर यंत्राने उपसण्याची मोफत सोय 2023 मध्ये आटली. फेसबुकवरचं सार्वजनिक बोलणं चाळायला अभ्यासक आणि पत्रकार वापरत असलेलं क्राउडटँगल 14 ऑगस्ट 2024 रोजी बंद झालं. उघड्यावर उरतात ती दुकानांच्या संकेतस्थळांवरची परीक्षणं, नकाशावरचे अभिप्राय, सार्वजनिक गट आणि पाककृतींच्या चित्रफितींखालचे प्रश्न. तांदळासाठी हे शेवटचं ठिकाण सर्वांत मोलाचं आहे. तिथे लिहिणाऱ्या माणसाच्या समोर भात शिजलेला असतो आणि काहीतरी बिनसलेलंही असतं.

शोध सुरू केला की पहिली अडचण नावातच येते. ‘इंद्रायणी’ एवढा एकच शब्द टाकला तर आळंदीची नदी समोर येते, तिच्यावर तरंगणारा फेस आणि त्यावरचा संताप येतो. मुंबई-पुणे धावणारी इंद्रायणी एक्स्प्रेस आणि तिच्या उशिराच्या तक्रारी येतात. 2024 मध्ये सुरू झालेली त्याच नावाची मालिका येते. ‘इंद्रायणीला घाण वास येतो’ हे वाक्य नदीबद्दल आहे की साठवणीतल्या तांदळाबद्दल, हे यंत्राला वाक्यावरून कळत नाही. तक्रारींची टक्केवारी काढून देणारी आयती साधनं अशा ठिकाणी नदीचं प्रदूषण तांदळाच्या खात्यावर मांडतात.

यंत्र हुशार असलं तरी काय होतं, ते मोजून बघू. समजा वर्षभरात हा शब्द असलेल्या एक लाख नोंदी सापडल्या आणि त्यांतल्या एक हजार तांदळाच्या आहेत. निवड करणारं यंत्र शंभरात 95 वेळा अचूक आहे, म्हणजे चांगलंच आहे. ते तांदळाच्या हजारांपैकी 950 बरोबर उचलेल. पण उरलेल्या 99,000 नोंदींमध्येही ते शंभरात पाच वेळा चुकणार, म्हणजे 4,950 नद्या, गाड्या आणि मालिका तांदूळ म्हणून उचलणार. हाती आलेल्या 5,900 नोंदींपैकी खऱ्या फक्त 950, सहातली एक. पंचाण्णव टक्के अचूक यंत्राने ढीग केला आणि त्यातला पाच-षष्ठांश भाग चुकीचा निघाला. खऱ्या नोंदी इतक्या विरळ असल्या की हे व्हायचंच, आणि छोट्या बाजारात खऱ्या नोंदी नेहमीच विरळ असतात.

यावरचा उपाय आधीच चाळणी लावण्यात आहे. तांदूळ हा शब्द शेजारी असलाच पाहिजे अशी अट घातली आणि एक लाखाच्या जागी दोन हजार नोंदी उरल्या, त्यांत आठशे तांदळाच्या, असं धरा. आता तेच यंत्र 760 बरोबर आणि 60 चुकीच्या उचलेल. सहात एक होतं ते आता शंभरात 93 झालं. यंत्र तेच आहे, बदलला तो फक्त प्रश्न.

प्रश्न साधारण असा लिहितात:

```
(indrayani OR indrayni OR indryani OR इंद्रायणी)
AND (rice OR tandul OR tandool OR तांदूळ OR तांदुळ)
```

इथेही मोठा आकडा दडलेला आहे. मराठी माणूस रोमन लिपीत लिहायला लागला की प्रत्येक जण आपलं स्पेलिंग आपण ठरवतो. रा दोन तऱ्हांनी, य दोन तऱ्हांनी, णी तीन तऱ्हांनी लिहिला तर एका नावाची बारा रूपं होतात. तांदूळ, तांदुळ, चावल, राइस आणि त्यांची रोमन रूपं अशी आणखी बारा धरली की जोड्या 144. त्यांत भात बिघडल्याचं सांगणारे दहा शब्द मिळवले, जसं गिच्च, लगदा, गोळा, चिकट, की 1,440 वेगवेगळ्या वाटा तयार होतात. एकाच स्पेलिंगने शोधणारा त्यांतल्या एकाच वाटेवर उभा असतो आणि लोक काही बोलतच नाहीत असं समजून परत फिरतो.

शिवाय चाळणीतून निसटलेल्या दोनशे नोंदींचं काय? ‘इंद्रायणी आणला, कुकरला लावला, तीन शिट्ट्यांत पार गिच्च’ असं लिहिणारा तांदूळ हा शब्द वापरतच नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते उघड आहे. त्याला पकडायला दुसरं जाळं लागतं: कुकर, शिट्टी, पातेलं, पेज, गुरगुट्या. माझ्या मते या कामात खरं कौशल्य इथेच आहे. कुठले स्वयंपाकघरातले शब्द त्या नावाशेजारी येतात, हे ठाऊक असणाऱ्याला महागडं साधन नसलं तरी चालतं. शब्द वगळतानाही जपावं लागतं. आळंदी वगळलं की नदी जाते, पण ‘आळंदीहून येताना घेतलेला तांदूळ’ही जातो.

आता उरलेली वाक्यं माणसाने वाचायची आणि वहीत उतरवायची. वाक्य जसंच्या तसं, तारीख, तांदूळ नवा की जुना याचा उल्लेख, कशात शिजवला, पाणी किती आणि पिशवीवरची पॅकिंगची तारीख सांगितली असेल तर ती. लिहिणाऱ्याचं नाव टिपायची गरज नाही. ‘चिकट’ हा शब्द दिसला म्हणून तक्रारीच्या रकान्यात टाकायची घाई करू नये. इंद्रायणी मऊ आणि आसट होतो म्हणूनच पुष्कळ घरं तो घेतात. तान्ह्या मुलाच्या गुरगुट्या भातासाठी तर मुद्दाम शोधून घेतात. मसालेभातासाठी घेणाऱ्याची मात्र त्याच चिकटपणाबद्दल तक्रार असते. तेव्हा एकाच शब्दाचे दोन रकाने करावे लागतात.

किती वाक्यं वाचली म्हणजे पुरे? याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धातून आलं आहे. ब्लेचली पार्कला जर्मन संकेत फोडताना ॲलन ट्युरिंगपुढे प्रश्न होता की आजवर न दिसलेलं काहीतरी पुढच्या वेळी दिसण्याची शक्यता किती. त्याने काढलेली रीत त्याचे सहकारी आय. जे. गुड यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केली. ती थक्क करण्याइतकी सोपी आहे: जे प्रकार नेमके एकदाच दिसले ते मोजा आणि एकूण नोंदींनी भागा. समजा वहीत 50 वाक्यं झाली आणि 15 प्रकारच्या तक्रारी किंवा प्रश्न फक्त एकेकदा आले. म्हणजे पुढचं वाक्य अगदी नवं काही सांगेल याची शक्यता 30 टक्के. वाचत राहायला हवं. 200 वाक्यांवर एकेकदा आलेले प्रकार 12 उरले तर शक्यता सहा टक्क्यांवर येते. पुढची शंभर वाक्यं वाचून सहाएक नव्या गोष्टी कळतील, त्याही बहुधा विरळा घडणाऱ्या. इथे थांबलं तर चालतं. ग्रिफिन आणि हाऊझर या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1993 मध्ये मुलाखतींच्या बाबतीत असाच हिशेब मांडला होता. एका प्रकारच्या गिऱ्हाइकांपैकी वीस-तीस जणांशी नीट बोललं की त्यांच्या गरजांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास कळतात. जगभरच्या बोलण्याची व्याप्ती अफाट आहे, पण एका छोट्या बाजारातल्या निरनिराळ्या तक्रारी मोजक्या असतात.

वहीतल्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट दिसतील. एक म्हणते, भात गिच्च होतो. दुसरी म्हणते, वास राहिलेला नाही. दोन्ही एकाच शेतातल्या तांदळाबद्दल असू शकतात. दिवाळीच्या आगेमागे कापलेला भात भरडून लगेच विकला की तो नवा तांदूळ कमी पाणी मागतो. जुन्याच्या सवयीने पाणी घातलं की लगदा होतो. साठवणीत महिने जातात तसा दाणा टणक होतो, जास्त पाणी पितो, भात मोकळा होतो आणि त्याच काळात वास उडत जातो.

हा वास म्हणजे किती असतो? आंबेमोहोर, बासमती अशा सुवासिक तांदळांच्या वासात मुख्य वाटा 2-ॲसिटिल-1-पायरोलिन या द्रव्याचा आहे. 1983 मध्ये बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा पाण्यात एक हजार कोटी भागांत एक भाग इतकं ते असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं, असं दिसलं. एक ग्रॅम द्रव्य एक कोटी लिटर पाण्यात, म्हणजे दहा हजार लिटरच्या हजार टँकरांमध्ये. इतक्या सूक्ष्म मात्रेवर गिऱ्हाइकाचं समाधान अवलंबून असतं आणि ती मात्रा साठवणीत घटत जाते. म्हणून तक्रारी महिन्यांनुसार मांडायच्या. गिच्चची तक्रार कापणीनंतरच्या महिन्यांत आणि वासाची पावसाळ्याच्या तोंडाशी जमली, तर शेतात किंवा जातीत काही बिघडलेलं नाही. पिशवीवर कापणीचा महिना आणि त्या महिन्याला लागणारं पाणी छापलं की पुरे. दोन्ही तक्रारी वर्षभर सारख्याच पसरलेल्या असतील तर मात्र भेसळीची शंका घ्यावी आणि गिरणीत डोकावावं.

तिसरी तक्रार किड्यांची, आणि प्रतिस्पर्ध्याची दुखरी जागा दाखवते ती हीच. तांदळातल्या सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक चिकट स्रावाने बुजवते. दाणा बाहेरून धड दिसतो. उबदार, दमट हवेत साधारण महिन्याभरात आतून पुरा वाढलेला किडा बाहेर येतो. एक मादी आयुष्यात तीनशेच्या वर अंडी घालते. सगळी जगली आणि निम्म्या माद्या निघाल्या तर दुसऱ्या पिढीत 45,000 आणि तिसऱ्या पिढीत साडेसदुसष्ट लाख. हजार दाण्यांचं वजन 20 ग्रॅम धरलं तर पाच किलोच्या पिशवीत दाणे असतात अडीच लाख. पिशवी तिसऱ्या पिढीपर्यंत पुरणारच नाही.

या गणितामुळे तक्रारीची तारीख खूप काही सांगून जाते. एखाद्या मोठ्या विक्रेत्याच्या पॅकबंद मालाची परीक्षणं वाचताना पॅकिंगची तारीख आणि तक्रारीची तारीख यांतलं अंतर काढा. पिशवी पॅक झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी किडे दिसल्याच्या तक्रारी एका गठ्ठ्यात येत असतील, तर अंडी गिरणीतून निघाल्यानंतर पिशवी बंद होईपर्यंतच्या मुक्कामात पडलेली आहेत. पॅकिंगनंतर आठवड्यातच जिवंत किडे सापडले तर मालच आधी लागलेला होता. चार महिन्यांनी आलेली तक्रार मात्र गिऱ्हाइकाच्या डब्यातलीही असू शकते. ती प्रतिस्पर्ध्याच्या खात्यावर धरू नये. पहिला प्रकार जास्त असेल तर समोरच्याची गोदामातली साठवण लांबते आहे, हे उघड होतं. चार ठिकाणचा माल गोळा करून विकणाऱ्याला ती चटकन आखूड करता येत नाही. भरडायच्या त्याच दिवशी हवाबंद पिशवीत भरणाऱ्या नसरापूरच्या शेतकऱ्यांना तो प्रश्नच येत नाही. हा फरक पिशवीवर दोन तारखा छापून दाखवता येतो: भरडल्याची आणि भरल्याची.

परीक्षणं वाचताना एक तारा आणि पाच तारे या दोन टोकांनाच गर्दी असते; चिडलेले आणि खूश झालेले लिहितात, बाकीचे गप्प बसतात. एक ताऱ्याच्या खाली पुष्कळदा पोहोचवणाऱ्याबद्दलचा राग असतो. तांदळाबद्दलचं विचारपूर्वक बोलणं दोन आणि तीन ताऱ्यांत सापडतं. आणि खोट्यांचं प्रमाण विसरू नये. गूगलने नकाशावरची नियमबाह्य परीक्षणं 2023 या एका वर्षात 17 कोटींहून अधिक अडवली किंवा काढली. जी निसटतात ती ओळखायची एक खूण तांदळाला खास लागू पडते: खऱ्या गिऱ्हाइकाच्या वाक्यात भांडं, पाणी, शिट्ट्या किंवा पदार्थ यांतलं काहीतरी असतं.

शेवटी दुसऱ्या हंगामाचा हिशेब. समजा पहिल्या वर्षी 60 नोंदींत गिच्चच्या 18 तक्रारी होत्या. पिशवीवर पाण्याचं प्रमाण छापलं आणि दुसऱ्या वर्षी तितक्याच नोंदींत 9 झाल्या. तक्रारी निम्म्यावर आल्या, उपाय लागू पडला असं वाटेल. पण काहीच बदललं नसतं तरी 27 तक्रारी दोन वर्षांत नाणं उडवावं तशा पडल्या असत्या आणि दुसऱ्या वर्षाच्या वाट्याला नऊ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता सोळात एक इतकी आहे. म्हणजे ती दुर्मीळ नाही. हेच प्रमाण 180 आणि 90 असं असतं तर योगायोगाची शक्यता कोटीत एकाच्याही खाली गेली असती. 18 आणि 9 वाल्यांना छापलेली सूचना तशीच ठेवून तिसऱ्या हंगामाच्या नोंदींची वाट पाहावी लागेल आणि तोवर पिशवीवरचं दुसरं काही बदलता येणार नाही.